टिकटिक बंद झाली ती घड्याळाची नव्हती

शिळफाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडताना मी दोन्ही बाजूंना तीन-तीनदा मान फिरवतो. बरोबरची माणसं हसतात. त्यांना हॉर्न कुठून आला ते कळतं, मला नुसता हॉर्न ऐकू येतो. खोपोलीकडून ट्रक येतोय की घाट उतरून, हे ठरवायला दोन कान लागतात. माझा एकच चालतो, डावा. उजवा गालगुंडात गेला.

नऊ वर्षांचा होतो. आधी एक गाल सुजला, दोन दिवसांनी दुसरा. आजीने गेरूचा लेप लावला, चिंच-लोणचं बंद केलं, आठवड्यात सूज उतरली आणि घर विसरलं. दीड-दोन महिन्यांनी वडिलांनी गंमत म्हणून मनगटावरचं घड्याळ माझ्या उजव्या कानाला लावलं. मी म्हटलं, ‘बाबा, बंद पडलंय.’ त्यांनी आपल्या कानाला लावून पाहिलं, मग माझ्या डाव्या कानाला लावलं. घड्याळ चालू होतं.

हे सांगायचं कारण म्हणजे गालगुंड म्हटलं की आपल्याकडे भीती एकाच गोष्टीची असते. वयात आलेल्या मुलाला झालं तर ‘खाली उतरतं’, वंश बुडतो. उतरतं हे खरं. लस न घेतलेल्या वयात आलेल्या मुलांत आणि पुरुषांत शंभरातल्या पंधरा ते तिसांना, गाल सुजल्यावर चार ते आठ दिवसांनी, पुन्हा ताप भरून वृषण सुजतं, बहुधा एकाच बाजूचं. दुखणं भयंकर असतं. विश्रांती, आधार देणारी चड्डी, थंड शेक आणि पॅरासिटामॉल यांवर ते निभतं. पुढे ते वृषण थोडं आक्रसू शकतं, पण कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गाल न सुजता मुलाच्या वृषणात एकाएकी कळ आली, तर ते गालगुंड समजून घरी थांबू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो सहा तासांच्या आत सोडवला नाही तर वृषण हातचं जातं.

वृषणाची सूज दिसते, दुखते, म्हणून लोक धावतात. कान दुखत नाही. विषाणू आतल्या शंखासारख्या नळीत शिरतो आणि ध्वनीच्या पेशी मारतो. गाल किती सुजले याच्याशी त्याचा संबंध नाही, अजिबात न सुजताही कान गेल्याची उदाहरणं आहेत. बहुधा एकच कान जातो, त्यामुळे मूल बोलतं, शाळेत जातं, हाकेला ओ देतं. फक्त वर्गात चुकीच्या बाजूला बसलं तर बाई त्याला ‘दुर्लक्ष करतोस’ म्हणतात.

जुन्या पुस्तकांत हे वीस हजारांत एकाला होतं असं लिहिलेलं असे. जपानी डॉक्टरांनी गालगुंडाच्या सात हजारांवर मुलांची ऐकण्याची चाचणी नेमाने घेतली, तेव्हा हिशेब हजारात एकाच्या आसपास निघाला. 1993 मध्ये जपानने दुष्परिणामांमुळे गोवर-गालगुंड-रुबेला ही एकत्र लस थांबवली, आणि तेव्हापासून तिथे गालगुंडाची लस ऐच्छिक राहिली. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी गालगुंडाने बहिरे झालेले साडेतीनशेच्या वर रुग्ण मोजले. बहुतेकांचा कान जवळजवळ पूर्ण गेला होता. स्टिरॉइड देऊन पाहतात, पण या बहिरेपणात ऐकू परत येणं विरळा. म्हणून सगळी मदार लसीवर.

आणि इथेच आपली खंत आहे. अंगणवाडीत नऊ ते बारा महिन्यांत आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत टोचतात ती लस ‘एमआर’, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंड त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं असे ‘एमएमआर’चे तीन डोस सांगते, पण ते पदरचे पैसे मोजून खाजगीत घ्यावे लागतात. त्यामुळे खोपोलीतल्या सोसायटीतल्या मुलाला ते मिळतात आणि कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाडीतल्या मुलाला नाही. ही लस घाटाच्या वर पुण्यातच तयार होते, ही आणखी एक गंमत.

गालगुंड वगळण्यामागचं सरकारचं म्हणणं चुकीचं नाही. गोवर जीव घेतो, रुबेला पोटातल्या बाळाला अपंग करतो, गालगुंड क्वचितच मारतं. पण केरळात 2024 मध्ये गालगुंडाची हजारो मुलं निघाली. आपल्याकडे आश्रमशाळेत चाळीस-पन्नास मुलं एका खोलीत झोपतात. गाल सुजण्याच्या दोन दिवस आधीच मूल रोग पसरवू लागतं आणि पुढे पाच दिवस पसरवतं. लागण ते सूज यांत साधारण अडीच आठवडे जातात. म्हणजे पहिल्या मुलाला घरी धाडलं, तरी पुढची खेप वसतिगृहात दबा धरून असते.

म्हणून माझी विनंती आहे. सावरोली-खोपोली पट्ट्यातल्या कारखान्यांनी सामाजिक निधीतून आश्रमशाळांच्या मुलांसाठी एमएमआर विकत घेऊन द्यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच टोचावी, कारण लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते आणि फोडलेली कुपी काही तासांत संपवावी लागते. पूर्वी एमआर घेतली असली तरी चालते, चार आठवड्यांचं अंतर मात्र हवं. आणि करायचं तर सगळ्यांना करा. निम्म्याच मुलांना लस दिली तर उरलेल्यांना रोग लहानपणी न होता सोळा-अठराव्या वर्षी गाठतो, आणि त्या वयात वृषण सुजतं. लस दिवाळीआधी द्यावी. नंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि वाडीत टोचायला मूल उरत नाही.

शिक्षकांनी आणि आशाताईंनी एक काम करावं. गालगुंड झालेल्या प्रत्येक मुलाचा कान तीन आठवडे पाहावा. एका कानात बोट घालून दुसऱ्याला मोबाइल लावायचा, मग बाजू बदलायची. दोन्हीकडे सारखं ऐकू येतं का, एवढंच विचारायचं. मूल एकाएकी चक्कर येते, उलटी होते किंवा कानात शिट्टी वाजते म्हणालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावं. सूज ओळखायलाही सोपी आहे. कानाची पाळी वर आणि बाहेर ढकललेली दिसते, जबड्याचा कोपरा हाताला लागत नाही. कोपरा नीट लागत असेल तर ती मानेची गाठ असेल, गालगुंड नव्हे.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा: ‘राष्ट्रीय लसीकरणात एमआरच्या जागी एमएमआर द्यावी, आणि तोवर आमच्या आश्रमशाळेतल्या मुलांना ती मोफत मिळावी.’ ठराव लिहायला मी येईन. बोलायचं असेल तर माझ्या डाव्या हाताला बसा.