धर्माचा गाभा पोलीस ठाण्यात ठरू नये

भाद्रपद जवळ आला की आपल्या मंडळांचे कार्यकर्ते मिरवणुकीच्या परवान्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवू लागतात. बेळगाव असो, हैदराबाद असो, इंदूर किंवा बडोदे असो, अनुभव थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मार्ग, वेळ आणि ध्वनिक्षेपक यांवर वाद होतो, आणि वाद चिघळला की आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "हा आमच्या धर्माचा अविभाज्य भाग आहे, घटनेने दिलेला हक्क आहे." हे वाक्य आपण जपून वापरावे असे आम्हाला वाटते. कारण त्याचा कायद्यातला अर्थ आपल्याला वाटतो तसा नाही, आणि एके दिवशी तो आपल्यावरच उलटू शकतो.

घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण त्या कलमाची सुरुवातच अटींनी होते: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन राहून. म्हणजे मर्यादा घटनेतच स्पष्ट लिहिल्या आहेत. 'अत्यावश्यक धार्मिक प्रथा' हे शब्द मात्र त्या कलमात कोठेही नाहीत. ते न्यायालयांनी घडवलेले आहेत.

त्याचा उगम १९५४ सालच्या उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात आहे. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून पाहायचे. हा विचार धर्माला संरक्षण देणारा होता. पुढे १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्याला वेगळे वळण दिले. अंधश्रद्धेतून चिकटलेल्या गोष्टी बाजूला काढून केवळ आवश्यक आणि अविभाज्य प्रथांनाच संरक्षण मिळेल, असे त्यांनी सांगितले. त्यामागचा सुधारकी हेतू आपल्या परंपरेला परका नाही. पण त्या दिवसापासून काय आवश्यक आणि काय चिकटलेले, हे निवडण्याचे काम भक्तांकडून न्यायाधीशांकडे आले.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी कलकत्त्याचा आनंद मार्गाचा खटला उत्तम आहे, कारण त्यात धर्म आणि सुव्यवस्था हे दोन्ही प्रश्न एकत्र आले होते. आनंद मार्ग हा पंथ १९५५ साली स्थापन झाला. १९६६ मध्ये त्याच्या गुरूंनी अनुयायांसाठी तांडव नृत्य सुरू केले. हे नृत्य करताना साधक हातात कवटी, छोटा प्रतीकात्मक सुरा आणि त्रिशूळ घेतात. तेच नृत्य मिरवणुकीत, रस्त्यावर करण्याची त्यांची मागणी होती. कलकत्त्याच्या पोलीस आयुक्तांनी १९७९ पासून कलम १४४ खाली मनाईचे आदेश काढले. पाच किंवा अधिक लोकांच्या जमावाने वा मिरवणुकीने शस्त्रे, त्रिशूळ, लाठ्या तसेच कवट्यांसारख्या लोकांना त्रासदायक वस्तू बाळगू नयेत, असा त्यांचा आशय होता. असा आदेश दोन महिने टिकतो. मुदत संपली की नवा आदेश निघे, आणि असे वर्षानुवर्षे चालले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांचे होते. त्यांनी आनंद मार्ग हा हिंदू धर्मातला एक संप्रदाय आहे हे मान्य केले. पण तांडव १९६६ मध्ये आले, म्हणजे १९५५ साली पंथ जन्मला तेव्हा ते नव्हते. शिवाय ते रस्त्यावरच्या मिरवणुकीत करावे असे त्यांच्या ग्रंथात कोठे सांगितलेले नाही. म्हणून ते अत्यावश्यक नाही, असे त्यांनी ठरवले. त्याच निकालात एक दुसरी गोष्टही आहे. कलम १४४ हे तातडीच्या प्रसंगासाठी आहे, तेच तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणे त्या कलमाला अभिप्रेत नाही, असे न्यायालयाने पोलिसांना सुनावले. म्हणजे सुव्यवस्थेच्या मुद्द्यावर पोलीस अडचणीत होते. तरीही अर्जदार हरले, कारण मूलभूत हक्कच नाही म्हटल्यावर पुढे काही उरले नाही.

मग जे घडले ते फार बोलके आहे. ग्रंथात नाही म्हणून हरलो, हे पाहून पंथाच्या आचारग्रंथात १९८६ साली दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक ठिकाणचे तांडव त्यात कर्तव्य म्हणून लिहिले गेले. त्या आधारावर १९९० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पंथाच्या बाजूने कौल दिला. पोलीस पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २००४ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल फिरला. बहुमताने म्हटले की आवश्यक भाग म्हणजे ज्यावर धर्म उभा आहे तो मूळ गाभा. तो काढला तर धर्माचे स्वरूपच बदलते. नंतर घातलेली भर हा गाभा होऊ शकत नाही. न्यायमूर्ती ए. आर. लक्ष्मणन यांनी वेगळे मत दिले, पण ते अल्पमतात राहिले.

या सगळ्यात मूळ प्रश्न कोठे गेला? रस्त्यावर सुरा आणि कवटी घेऊन नाचल्याने शहराच्या शांततेला खरोखर कोणता धोका होता, तो कोणत्या पुराव्यावर, आणि मार्ग ठरवून, संख्या आखून किंवा बोथट प्रतीक वापरायला लावून तो टळला असता काय, हे प्रश्न बाजूला पडले आणि न्यायालय पंथाच्या ग्रंथाची आवृत्ती तपासत बसले. खरे सांगायचे तर सुव्यवस्थेच्या प्रश्नावरही पोलीस काही अंशी जिंकू शकले असते. उघडा सुरा किंवा जिवंत साप गर्दीत आणू नये, ही अट आम्हालाही गैर वाटत नाही. पण मग तो निकाल एका मिरवणुकीपुरता, कारणांसह आणि परिस्थिती बदलली तर बदलता येण्याजोगा झाला असता. एका पंथाच्या श्रद्धेत खरे काय आणि खोटे काय, यावर शिक्का बसला नसता.

आता ही २००४ ची फूटपट्टी आपल्याच दारात लावून पाहा. सार्वजनिक गणेशोत्सव आजच्या रूपात उभा राहिला तो १८९३ च्या सुमारास, लोकमान्यांच्या काळात. घरातला गणपती शतकानुशतकांचा आहे. पण मंडळाचा गणपती, मांडव आणि विसर्जनाची सार्वजनिक मिरवणूक ही नंतरची भर आहे. माउलींच्या पालखीची आजची शिस्त, दिंड्यांचा क्रम आणि पुढचे अश्व, हे सर्व हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवले, आणि ते अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळ्यांकडून. 'मूळ गाभा' आणि 'नंतरची भर' ही भाषा अक्षरशः लावली तर यातले काय टिकेल? ज्ञानेश्वरीत पालखीच्या अश्वाचा उल्लेख नाही म्हणून कोणी रिंगणावर बोट ठेवले तर आपण काय सांगणार? जिवंत परंपरा वाढते, बदलते. वाढली म्हणून ती धर्म राहत नाही, हा नियम जिवंत श्रद्धेपेक्षा जुन्या पोथीला जास्त किंमत देतो.

म्हणून आमचे मत असे की न्यायालयाने क्रम उलटा करावा. श्रद्धा प्रामाणिक आहे एवढे पाहून ती मान्य करावी आणि लगेच घटनेतल्या मर्यादांकडे वळावे. सुव्यवस्था म्हणजे कोणाला तरी राग येईल एवढेच नव्हे. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळांची उपमा दिली: सर्वांत मोठे कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. लहानसहान भांडण बाहेरच्या वर्तुळात मोडते. सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते ती समाजाचे जीवन हलते तेव्हा. आणि वाराणसीच्या शिया-सुन्नी वादातील गुलाम अब्बास खटल्यात, १९८१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम १४४ वापरायचे ते कायदेशीर हक्क बजावणाऱ्याच्या रक्षणासाठी, त्याला दडपण्यासाठी नव्हे. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ क्रमांकाने आले आहे. आदेशाची दोन महिन्यांची मुदत तीच आहे. पोलिसांनी मिरवणूक नाकारली तर आपण विचारायचा प्रश्न हाच: धोका कोणाकडून, पुरावा काय, आणि सौम्य अट का पुरत नाही?

यावर आक्षेप येईल की कसोटी सोडली तर जो तो काहीही धर्म म्हणून पुढे करील आणि समाजसुधारणा अडेल. ही भीती आम्हाला पटत नाही. मंदिरप्रवेश आणि समाजसुधारणेचे कायदे करण्याचा अधिकार पंचविसाव्या कलमाच्याच दुसऱ्या पोटकलमात आहे. त्यासाठी न्यायाधीशांनी धर्मशास्त्री होण्याची गरज नाही. हा विचार न्यायालयांतही आता ऐकू येतो. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये हिजाब अत्यावश्यक प्रथा नाही असे ठरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मते दुभंगली, तेव्हा न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी त्या वादात अत्यावश्यक प्रथेचा प्रश्न काढण्याचीच गरज नव्हती असे म्हटले. हिजाबबद्दल आपले मत काहीही असो, हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. आज दुसऱ्याची प्रथा पोथीवर तोलली गेली तर उद्या आपली तोलली जाईल.

शेवटी एक गोष्ट आपल्याच कार्यकर्त्यांना. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले. निष्कर्ष बरोबरच आहे, पण त्यासाठी धर्माचा शोध घेण्याचे कारण नव्हते. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि आजारी माणसाची झोप हा आरोग्याचा प्रश्न पंचविसाव्या कलमातच बसतो. तेव्हा डीजेच्या भिंतीसाठी धर्माचा हवाला देऊ नका. ज्या दिवशी खरोखर पालखी अडवली जाईल, त्या दिवशी आपला शब्द वजनदार राहायचा असेल तर तो आज डीजेवर खर्च करणे परवडणारे नाही.