काळ्या लेगिंगचा गुडघा

समजा, दुकानात तुमच्यासमोर दोन काळ्या लेगिंग्ज आहेत. एकीच्या लेबलवर ९२ टक्के पॉलिएस्टर, ८ टक्के स्पॅन्डेक्स. दुसरीवर ७८ टक्के नायलॉन, २२ टक्के स्पॅन्डेक्स. दुसरी बरीच महाग आहे, आणि दुकानाच्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. मग काय बघाल?

आधी कापड दाराजवळ, उजेडात तिरके धरा. पॉलिएस्टरची चमक बऱ्याचदा पांढरट, जरा प्लास्टिकसारखी वाटते. नायलॉनची त्यामानाने मऊ. पण चमकेवर फार जाऊ नका. धागा बनवतानाच त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळून चमक मारता येते, त्यामुळे मंद दिसणारे कापडही पॉलिएस्टर असू शकते. हात जास्त खरे सांगतो. नायलॉन गालाला लावले तर गार आणि गुळगुळीत लागते.

आता ताण. तो मुख्यतः स्पॅन्डेक्स देतो. लेबलवर त्यालाच इलास्टेन म्हणतात. लायक्रा हे त्याचे एका ब्रँडचे नाव. हा धागा स्वतःच्या लांबीच्या पाचपट तरी ताणला जातो. जीन्सला १-२ टक्केही पुरतो, अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंगला जास्त लागतो. मांडीच्या भागावर दोन बोटे १० सेंटिमीटर अंतरावर ठेवा, कापड १५ पर्यंत ताणा, दहा मोजा आणि सोडा. लगेच १० वर आले तर उत्तम. ११ वर रेंगाळले तर थोड्याच दिवसांत गुडघ्यावर फुगा येणार, हे नक्की समजा.

दुसरी परीक्षा मुठीची. कापड मुठीवर घट्ट ताणा. काळ्यातून बारीक पांढरट चकाकी डोकावली तर आतला स्पॅन्डेक्स दिसतोय. पॉलिएस्टरचा रंग स्पॅन्डेक्सवर पक्का बसत नाही, म्हणून अशा लेगिंगचा काळा रंग बसल्यावर गुडघ्यावर राखाडी होतो. नायलॉनसोबत ही अडचण कमी असते. आणि मुठीची कातडीच दिसली, तर वाकल्यावर काय दिसेल ते मी सांगायला नको!

महाग तेच घ्या, असे मात्र नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळे पावसाळ्यातही लवकर वाळते. फक्त अंगाचे तेल धरून ठेवते, म्हणून व्यायामाच्या कपड्यांना धुऊनही वास राहतो. योगासाठी, तासन्‌तास अंगावर ठेवायला मला नायलॉन बरे वाटते. फिरायला जायला पॉलिएस्टर पुरे.

दोन्हींना गरम इस्त्री आणि क्लोरीनचे ब्लीच लावू नका. स्पॅन्डेक्स आतल्या आत तुटतो. मग कडा लाटांसारख्या होतात आणि शिवणीजवळ केसासारखे कुरळे, पारदर्शक धागे बाहेर येतात. ते दिसले की ती लेगिंग घरातच वापरा.