विश्लेषण : स्मार्टवॉच नाडीवरून कॅलरी कशा मोजते? आकडा का फसतो?

अर्धा तास धावून झाले, की मनगटावरचे घड्याळ ‘३९६ कॅलरी’ असा आकडा दाखवते. तो पाहून अनेक जण नाश्त्याला दोन घास जास्त खातात. प्रत्यक्षात घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते नाडीचे ठोके मोजते आणि त्यावरून खर्चाचा अंदाज बांधते.

नाडी आणि कॅलरी यांचा संबंध काय?

शरीर ऊर्जा निर्माण करण्यासाठी ऑक्सिजन वापरते. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला, की साधारण पाच कॅलरी खर्च होतात. प्रयोगशाळेत तोंडावर मास्क लावून हा ऑक्सिजन मोजता येतो, मनगटावर येत नाही. मात्र मध्यम ते जोरकस व्यायामात ऑक्सिजनची गरज वाढते तशी नाडीही जवळपास त्याच प्रमाणात वाढते. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताचा चढउतार टिपून ठोके मोजतो. पुढचे काम सूत्राचे.

सूत्र कसे चालते?

कंपन्या आपली सूत्रे सहसा जाहीर करत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र मात्र खुले आहे. त्यात नाडी, वजन, वय आणि स्त्री की पुरुष एवढीच माहिती लागते. ४० वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष अर्धा तास धावला आणि नाडी सरासरी १३० राहिली, तर या सूत्राने उत्तर येते सुमारे ३५१ कॅलरी. नाडी १४० धरली तर ३९६. म्हणजे मिनिटाला दहा ठोके वाढले, की अर्ध्या तासात ४५ कॅलरी वाढतात.

मग आकडा फुगतो कधी?

हाच माणूस जानेवारीच्या पहाटे चार किलोमीटर धावतो, तेव्हा नाडी १३० असते असे समजू. मे महिन्यात त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने धावताना ती १४० होते. उकाड्यात अंग थंड ठेवण्यासाठी जास्त रक्त त्वचेकडे वळते, घामामुळे शरीरातील पाणी घटते आणि प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारे रक्त कमी होते. ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढते. पायांनी केलेले काम जवळपास तेवढेच असते, पण सूत्राला फक्त ठोके दिसतात. कमी झोप आणि मानसिक ताण यांनीही असेच होऊ शकते. वजने उचलताना तर नाडी झपाट्याने चढते, ऑक्सिजनचा वापर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

आणि कमी कधी दाखवतो?

नियमित सराव असलेल्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते. तेच चार किलोमीटर त्याच वेळेत तो ११० नाडीवर पार करू शकतो. सूत्र त्याला २६० कॅलरीच देते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांचेही असेच होते. गोळी नाडी चढू देत नाही, म्हणून मेहनत होऊनही आकडा लहान दिसतो.

चूक नाडी मोजण्यात की हिशेबात?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर सात उपकरणे तपासली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, तर सर्वात वाईट उपकरण ९३ टक्क्यांनी. म्हणजे खरी अडचण ठोक्यांचे कॅलरीत रूपांतर करताना येते. पट्टा सैल असेल तर त्यात आणखी भर पडते, कारण घड्याळ कधी कधी पावलांचा ठेकाच नाडी समजून बसते.

पडताळा कसा घ्यावा?

धावण्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे : सपाट रस्त्यावर दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे एक कॅलरी. ७० किलोच्या माणसाला चार किलोमीटरसाठी २८० कॅलरी लागतात. नुसते बसून राहिला असता तरी अर्ध्या तासात सुमारे ३५ खर्च झाल्या असत्याच. त्या धरून ३१५. या हिशेबाला ३५१ जवळचा, ३९६ फुगलेला आणि २६० तोकडा ठरतो. धावण्याने झालेला जादा खर्च २८०च आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. अनेक घड्याळे ‘एकूण’ आणि ‘सक्रिय’ असे दोन आकडे देतात. जेवणाचा हिशेब ‘एकूण’वर केला, तर न धावताही खर्च होणाऱ्या कॅलरी पुन्हा ताटात येतात.

वजन कमी करणाऱ्यांसाठी हा फरक किरकोळ नाही. दिवसाला शंभर कॅलरी जास्त मोजून तेवढेच खाल्ले, तर महिन्याला तीन हजारांची तूट कागदावरच राहते. घड्याळातील आकडा वाढत असताना तीन-चार आठवडे वजन हलत नसेल, तर विश्वास वजनकाट्यावर ठेवावा.