सगळे पंखे नकोत, आधी एकच बदला



हल्ली विजेच्या सामानाच्या दुकानात पंखा मागितला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "काकू, बीएलडीसी घ्या, बिल निम्मं होईल." पंखा चांगला आहे, पण वाक्य अर्धवट आहे. निम्म्याहून कमी होते ती पंख्याची वीज, घराचं बिल नव्हे. फ्रीज, गीझर, मिक्सर, पाण्याची मोटर आहे तेवढीच वीज घेणार. म्हणून माझं मत असं, की लहान घरात सगळे पंखे एकदम बदलू नयेत. सर्वांत जास्त तास फिरणारा एक पंखा आधी बदलावा. बाकीच्यांचं काय करायचं ते कागद-पेन्सिल घेऊन ठरवावं.

फरक कुठून येतो ते आधी पाहू. आपला जुना मोठा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॉट घेतो. त्याच्या फिरणाऱ्या भागात चुंबकत्व तयार करायलाच वीज खर्च होते आणि तिचा बराचसा भाग उष्णता होऊन वाया जातो. दिवसभर चाललेला जुना पंखा साफ करायला म्हणून बंद केला की मधला गोळा हाताला चांगला गरम लागतो, तो त्यामुळेच. बीएलडीसी पंख्यात कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात आणि एक छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड त्याला लागेल तेवढीच वीज देतं. तेवढ्याच वाऱ्याला त्याला ३० वॉटच्या आसपास वीज पुरते. म्हणजे ४५ वॉटची बचत.

आता आमच्या सांगलीच्या घराचा हिशेब मांडते. हॉल, झोपायची खोली आणि स्वयंपाकघर. आम्ही दोघंच, पेन्शनवर घर चालतं. महिन्याला साधारण १२८ युनिट येतात. हॉलचा पंखा दिवसाला १५ तास, झोपायच्या खोलीतला ८ तास आणि स्वयंपाकघरातला जेमतेम २ तास चालतो.

हॉलमध्ये ४५ वॉट गुणिले १५ तास म्हणजे दिवसाला ६७५, महिन्याला सुमारे २० युनिट. झोपायच्या खोलीत ११ युनिट. स्वयंपाकघरात तीन युनिटसुद्धा नाहीत.

पण युनिटचे रुपये करताना एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडे पहिल्या १०० युनिटना कमी दर असतो आणि त्यावरच्या युनिटना जवळजवळ दुप्पट. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी वरच्या युनिटला १२ रुपये आणि खालच्याला ७ रुपये धरते. तुमच्या बिलाच्या मागे नेमके दर असतात, ते घ्या. बचत नेहमी वरून, म्हणजे महाग युनिटपासून सुरू होते. हॉलचा पंखा बदलला की १२८ चे १०८ होतात. हे वीसही युनिट १२ रुपयांचे, म्हणजे महिन्याला २४० रुपये वाचतात. थंडीचे तीन महिने सोडले तर वर्षाला २,१६० रुपये. पंखा बसवणावळीसह ३,४०० ला पडला, तर दीड वर्षाच्या थोडं पुढे पैसे वसूल.

त्यानंतर झोपायच्या खोलीचा नंबर. त्याच्या ११ युनिटांपैकी ८ च महाग दराचे, उरलेले ३ स्वस्त. महिन्याला ११७ रुपये, वर्षाला हजारभर. पैसे वसूल व्हायला तीन वर्षांहून थोडा जास्त काळ. हेही ठीक आहे, पण घाई नाही. स्वयंपाकघरात मात्र आता सगळी बचत ७ रुपयांच्या दराची. महिन्याला १९ रुपये! ३,४०० रुपये निघायला वीस वर्षं लागतील. तो जुना पंखा चालतोय तोवर चालू द्यावा. ज्यांचं बिल मुळातच १०० युनिटांच्या आत आहे, त्यांना हॉलच्या पंख्यालासुद्धा अडीच-पावणेतीन वर्षं लागतील, हे धरून चाला.

जुना पंखा बिघडलाच असेल तर हिशेब वेगळा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. त्यामुळे नवा साधा पंखा ७५ नव्हे, ५० वॉटच्या आसपास वीज घेतो. मग फरक २० वॉटचाच राहतो. पण तुम्हालाही जास्तीचे हजार-तेराशेच द्यायचे असतात, कारण साधा पंखा तरी विकत घ्यावाच लागणार होता. हॉलसाठी तेवढी रक्कम दीड वर्षाच्या आत सुटते. लेबलवर वाऱ्याचा आकडाही पाहा. तो २१० च्या खाली नको, नाहीतर वीज वाचते आणि घाम तसाच राहतो.

बसवताना होणारी चूक म्हणजे जुना रेग्युलेटर तसाच ठेवणं. बीएलडीसी पंख्याला वीज सरळ बटणातून द्यावी लागते, वेग रिमोटवर किंवा त्याच्याच बटणावर कमी-जास्त होतो. मध्ये रेग्युलेटर राहिला की पंखा घुमतो, अडखळतो आणि कार्ड जळू शकतं. वायरमनला सांगून रेग्युलेटर काढूनच टाका. नुसता "पूर्ण वेगावर ठेवा" म्हटलं तर कोणीतरी सवयीने फिरवतंच.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. साधा पंखा मंदावला तर गल्लीतला वायरमन शंभर-दीडशेत कपॅसिटर बदलून देतो. बीएलडीसीचं कार्ड गेलं तर ते कंपनीचंच लागतं आणि हमी संपल्यावर त्याला काही शे रुपये पडतात. एका कार्डात वर्षाची निम्मी बचत जाऊ शकते. म्हणून दुकानात स्टार विचारण्याआधी विचारा, की कार्डाची हमी किती वर्षं आणि माणूस घरी येतो का. रिमोट हरवल्यावर भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येतो का, तेही पाहून घ्या. सासूबाईंच्या वयाच्या माणसांना रिमोट सापडत नाही आणि रात्री दोनला सगळं घर उठतं.

पंखा घरी आला की विश्वासावर बसू नका, मीटरवर तपासा. मीटरवरच्या लाल दिव्याशेजारी बहुतेक ३२०० असा आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रीजसकट सगळं बंद करून फक्त तो पंखा पूर्ण वेगात चालवा आणि दहा मिनिटं मोजा. जुना पंखा साधारण ४० वेळा लुकलुकवतो, बीएलडीसी १६ वेळा. आकडा पंचविसाच्या वर गेला तर आधी घरात आणखी काही चालू राहिलंय का ते बघा. नसेल, तर पावती घेऊन दुकानात जा.