अध्यक्ष म्हणाले, यंदा लाभांश नाही. तुम्ही काय विचाराल?

मीरा रोड-भाईंदरमधल्या शेअरधारकांनो, विशेषतः निवृत्तीच्या पैशांतून थोडेफार शेअर घेतलेल्यांनो, हे तुमच्यासाठी.

जुलै ते सप्टेंबर हे वार्षिक सभांचे दिवस. आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या सभा ऑनलाइन होतात, त्यामुळे चर्चगेटची लोकल पकडायची गरज उरलेली नाही. घरी बसून अध्यक्षांचं भाषण ऐकता येतं. त्या भाषणात कधीकधी एक वाक्य येतं: "विस्तारासाठी निधी राखून ठेवायचा असल्याने संचालक मंडळाने लाभांशाची शिफारस केलेली नाही."

हे ऐकून कुणी चिडतं, कुणी शेअर विकून टाकतं. दोन्हीची घाई करू नका. आधी ते वाक्य समजून घ्या, मग प्रश्न विचारा.

पहिली गोष्ट. लाभांश किती द्यायचा हे संचालक मंडळ सुचवतं आणि सभा मंजूर करते. सुचवलेली रक्कम सभेला कमी करता येते, वाढवता येत नाही. मंडळाने काहीच सुचवलं नसेल, तर सभेत कितीही आवाज चढवला तरी त्या वर्षी लाभांश मिळणार नाही. म्हणून सभेतला तुमचा वेळ मागणीत घालवू नका. पैसा कुठे जाणार आणि त्यातून काय मिळणार, हे विचारण्यात घालवा.

दुसरी गोष्ट. न वाटलेला नफा नाहीसा होत नाही. तो कंपनीतच राहतो आणि त्यात तुमचा वाटा असतो. प्रश्न एवढाच, की तो पैसा तुमच्या खात्यात जास्त चांगला वाढला असता की कंपनीच्या हातात. एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर शेअरधारकाला स्वतःच्या उत्पन्नाप्रमाणे भरावा लागतो. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर १०० रुपये लाभांशातले ८० च्या आसपासच तुमच्या हातात राहतात. कंपनीने तेच १०० रुपये चांगल्या कामाला लावले, तर पूर्ण १०० कामाला लागतात. पण "चांगल्या कामाला" हे सिद्ध झालं पाहिजे.

हे कसं तपासायचं, ते तुमच्या ओळखीच्या एका कंपनीवर पाहू. तुमच्यापैकी अनेकजण महिन्याचा किराणा डीमार्टमधून भरतात. ही दुकानं चालवणारी कंपनी आहे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. राधाकिशन दमाणी यांनी ती उभी केली. पहिलं दुकान २००२ मध्ये पवईला निघालं. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा शेअर २९९ रुपयांना दिला होता. तेव्हापासून मार्च २०२५ पर्यंतच्या एकाही वर्षाचा लाभांश या कंपनीने दिलेला नाही. कारण दरवर्षी साधारण एकच: पैसा विस्ताराला लागतो.

का लागतो? स्टेशनजवळ गाळा भाड्याने घेतलेल्या दुकानदाराला विचारा. अकरा महिन्यांचा करार, वर डिपॉझिट, आणि धंदा जमला की मालक भाडं वाढवतो. डीमार्टने हे टाळायचं ठरवलं. शक्य तिथे जागा विकत घ्यायची किंवा खूप लांब मुदतीने घ्यायची. त्यामुळे वर्षानुवर्षांचं भाडं वाचतं आणि माल स्वस्त विकता येतो. पण जागा घ्यायला सुरुवातीलाच मोठी रक्कम लागते. ती कर्ज काढून आणली, तर भाडं वाचून व्याज मागे लागेल. म्हणून नफा घरातच ठेवला जातो. लाभांश न देण्याचं हे कारण धंद्याच्या रचनेतून आलेलं आहे. असं कारण समजतं आणि तपासता येतं.

आता तपासू. मार्च २०२० अखेर कंपनीची २१४ दुकानं होती. मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. या पाच वर्षांत कंपनीने एकूण सुमारे १०,२०० कोटी रुपये नफा मिळवला आणि सगळा ठेवून घेतला. वर्षाचा नफा १,३०१ कोटींवरून २,७०७ कोटींवर गेला. म्हणजे वाढ सुमारे १,४०० कोटींची. ठेवून घेतलेल्या दर १०० रुपयांमागे वर्षाला १४ रुपयांच्या आसपास जास्त नफा.

पण इथेच थांबू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने मोठ्या गुंतवणूकदारांकडून सुमारे ४,१०० कोटी नव्याने उभे केले होते. तोही पैसा कंपनीच्याच हातात होता. तो धरला, तर १०० रुपयांमागे १० रुपयेच पडतात. तरीही बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा हे जास्त आहे. भाषणात पहिला आकडा ऐकू येण्याची शक्यता जास्त. दुसरा तुम्हालाच काढावा लागतो.

आणखी एक पाहा. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात ५० दुकानं वाढली, म्हणजे जवळपास १४ टक्के. नफा मात्र ७ टक्क्यांच्या आतच वाढला. याचं एक कारण साधं आहे. त्यातली निम्म्याहून जास्त दुकानं शेवटच्या तीन महिन्यांत उघडली. त्यांचा खर्च सुरू झाला, कमाई अजून यायची होती. पण असं दोन-तीन वर्षं सलग दिसलं, तर समजा की नवं दुकान जुन्याइतकं कमावत नाही. मग "विस्तारासाठी" हे कारण दरवर्षी थोडं थोडं कमजोर होत जातं.

आणि भावाचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये हा शेअर ५,९०० रुपयांच्या आसपास गेला होता. मार्च २०२५ अखेर तो चार हजारांच्या आसपास होता. २९९ ला घेतलेल्याचं भलं झालं. शिखरावर घेतलेल्याला लाभांशही मिळाला नाही आणि भावही नाही, जरी मधल्या काळात कंपनीचा नफा वाढला होता. म्हणून कंपनी चांगली आहे एवढ्यावर शेअर घेऊ नका. हे उदाहरण समजण्यासाठी दिलं आहे. हा शेअर घ्या किंवा विका, असं मी सांगत नाही.

आता तुमच्या कंपनीकडे वळा. सभेआधी वार्षिक अहवाल येतो. तो बाजूला टाकू नका. त्यातून तीन प्रश्न तयार करा.

एक: मागच्या पाच वर्षांत किती नफा ठेवून घेतला, आणि वर्षाचा नफा कितीने वाढला? वर जो भागाकार केला, तोच करा. वहीच्या एका पानावर होतो. उत्तर ठेवीच्या व्याजापेक्षा कमी आलं, तर पैसा तुमच्याकडे असता तर बरं होतं, असं सरळ म्हणा.

दोन: पैसा नेमका कुठे गेला? अहवालात रोख रकमेची ये-जा दाखवणारं पान असतं. तिथे जागा, इमारती, यंत्रं यांवर खर्च दिसला, तर विस्तार खरा आहे. खर्च दिसत नसेल आणि पैसा वर्षानुवर्षं पडून असेल, किंवा प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना उसना दिला असेल, तर सावध व्हा. नफा दिसतो पण धंद्यातून रोख येत नाही, हीही धोक्याची खूण आहे. अशा कंपनीकडे द्यायलाच काही नसतं, आणि विस्तार हे फक्त सांगायचं कारण असतं.

तीन: हे कधीपर्यंत? बाजारातल्या सर्वांत मोठ्या हजार कंपन्यांना लाभांशाचं धोरण जाहीर करावं लागतं. लाभांश कधी मिळेल, कधी मिळणार नाही आणि ठेवलेला नफा कशासाठी वापरणार, हे त्यात लिहावं लागतं. धोरण कंपनीच्या वेबसाइटवर असतं. ते वाचून अध्यक्षांना विचारा, की यंदाचा निर्णय त्यातल्या कोणत्या मुद्द्यात बसतो.

प्रश्न विचारायला आधी नाव नोंदवावं लागतं. पद्धत आणि मुदत सभेच्या नोटिशीत असते. बोलायचं नसेल तर ई-मतदान करा. संचालकांच्या फेरनियुक्तीचे ठराव तिथेच असतात. उत्तरं पटली नाहीत, तर तुमची नाराजी तिथे मोजली जाते.

ज्यांना दर महिन्याच्या खर्चाला पैसे लागतात, त्यांना वेगळं सांगतो. लाभांश न देणारी कंपनी कितीही चांगली असली, तरी ती तुमच्या औषधांचं बिल भरत नाही. घरखर्चाची रक्कम अशा शेअरमध्ये अडकवू नका. ती ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. शेअर आधीपासून असतील, तर गरजेपुरते थोडे विकता येतात. बाजारातले, वर्षभराहून जास्त ठेवलेले शेअर विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर सध्या कर नाही. त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे.

आता पतसंस्था आणि सहकारी बँकेच्या सभासदांसाठी. इथे हिशेब वेगळा आहे. कंपनीने ठेवलेला नफा आज ना उद्या शेअरच्या भावात दिसू शकतो. सहकारी संस्थेत तसं होत नाही. बाहेर पडताना तुमचा शेअर साधारणपणे दर्शनी किमतीलाच परत मिळतो. १०० चा शेअर १०० लाच. म्हणजे इथे न मिळालेला लाभांश तुम्हाला भावातून भरून मिळत नाही.

तरीही काही रक्कम राखावीच लागते. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तर रिझर्व्ह बँकेने व्यापारी आणि सहकारी बँकांना त्या वर्षाचा लाभांशच वाटू दिला नाही. राखलेला पैसा बुडीत कर्जापासून ठेवीदारांचं रक्षण करतो, आणि तुमच्यापैकी बहुतेकजण ठेवीदारही आहात.

पण चौथ्या हिश्शाच्या पुढे जाऊन सगळाच नफा नव्या शाखेसाठी ठेवणार असतील, तर सभेत उभं राहून विचारा. कर्जाचा दर कमी होणार का? मागच्या वेळी उघडलेली शाखा स्वतःचा खर्च भागवते का? थकबाकी किती आहे? थकबाकी वाढत असताना नव्या शाखेची घाई असेल, तर आधी वसुली करा, असं सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

अध्यक्षांवर अविश्वास दाखवा, असं माझं म्हणणं नाही. नफा राखून धंदा मोठा करणारे अनेकजण मनापासून काम करतात. पण राखलेला पैसा तुमचा आहे, आणि त्याचा हिशेब देणं हे त्यांचं काम आहे. म्हणून यंदा नोटीस आली की पाच वर्षांचे आकडे वहीत मांडा, तीन प्रश्न लिहा आणि मत द्या. उत्तर पटलं तर लाभांशाविना थांबा. दोन वर्षं विचारूनही पटलं नाही, तर आपला पैसा काढून घ्या.