मानपत्र नव्हे, वारसापत्र

निवृत्तीच्या समारंभातील मानपत्रांची भाषा बहुधा ठरलेली असते. ‘देवमाणूस’, ‘रुग्णांचे आधारवड’ ही विशेषणे, शाल, श्रीफळ, चांदीच्या रंगाची चौकट, आणि नंतर दिवाणखान्याच्या भिंतीवर तिच्यावर साचत जाणारी धूळ. रायगड जिल्ह्यातील एका डोंगराळ गावच्या रुग्णांनी तीन दशकांहून अधिक काळ तेथे दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांना निरोप देताना जे पत्र लिहिले, ते या रिवाजापासून दूर गेले. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. प्रसंग आहेत, आणि ते बहुतेक विंचूदंशाचे आहेत.

कोकणातील तांबडा विंचू आकाराने लहान, परंतु मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा कितीतरी घातक. पावसाच्या तोंडावर कौले शाकारताना, लाकडे उचलताना, भाताच्या पेंढ्यात हात घालताना तो डसतो. त्याच्या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि थकलेले हृदय हार मानू लागते. मग फुप्फुसात पाणी भरून तोंडाशी गुलाबी फेस येतो. एकेकाळी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी वापरून पाहिली. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम प्रसिद्ध केले, आणि वेळेवर उपचार मिळालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास उतरले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मात्र गोळी स्वस्त असली, तरी ती देण्याची विद्या स्वस्त नाही, आणि पत्राचे मर्म येथेच आहे. एका मातेने त्यात आपल्या सात वर्षांच्या मुलाची रात्र सांगितली आहे. मुलगा वेदनेने रडत होता, तोवर डॉक्टर शांत होते. त्याचे रडणे थांबले, अंग घामाने भिजले, दोन उलट्या झाल्या आणि तळपाय गार पडले, तेव्हा मात्र ते तत्काळ उठले. घरच्यांना वाटले होते, कळ ओसरली, म्हणजे उतार पडला. प्रत्यक्षात विष अंगात भिनल्याची ती खूण होती. डॉक्टरांनी वजन पाहून गोळीची मात्रा दिली आणि मुलाला उचलून कडेवर घेण्यास सक्त मनाई केली. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरतो. रुग्णाला उभे केले, तर घेरी येऊन तो कोसळू शकतो. दर तीन तासांनी मात्रा, आणि मधल्या वेळात त्याच्या तळपायांना हात लावून पाहणे, असा क्रम चालला. पहाटे पाय उबदार झाले, तेव्हा डॉक्टरांनी चहा मागितला. त्या घरात आजही चहाचा पहिला घोट घेताना ती पहाट आठवते, असे मातेने लिहिले आहे.

कृतज्ञतेचे एवढे चित्रण पुरेसे झाले असते. परंतु गावकरी तेथे थांबले नाहीत. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी डॉक्टरांकडे काही मागितले आहे. दंशाच्या रुग्णांची वर्षानुवर्षे लिहिलेली वही त्यांनी गावात ठेवावी. येणाऱ्या नव्या डॉक्टरांना आणि गावच्या आशा सेविकेला घाम, उलटी व गार तळपाय या तीन खुणा शिकवाव्यात. आणि प्राझोसिनचा साठा मे महिन्यातच तपासण्याचे काम कोणाकडे द्यावे, ते सांगून जावे.

ही मागणी वरवर पाहता सौजन्याला सोडून वाटेल. निरोपाच्या दिवशी कोणी काम सांगते काय? पण डॉक्टरांचा खरा सन्मान याहून वेगळा कोणता असू शकतो? आज विंचूविषावरील प्रतिविष उपलब्ध आहे, आणि प्राझोसिनबरोबर ते दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. तथापि डोंगरावरच्या वाडीतून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा वेळ कोणतेही औषध कमी करीत नाही. त्या वेळात कोणाला तरी तळपाय चाचपून पाहावे लागतात. अनुभवी डॉक्टर निवृत्त झाला की गावातून जातो तो हा हात. दवाखान्याची इमारत तर जागच्या जागी असते.

व्यक्तीचे पूजन करून तिचे कार्य विसरण्याची सवय आपल्या समाजाला जडली आहे. त्या गावाने पूजन आवरले आणि कार्य मागून घेतले. ज्या गावात अशा निरोपाची तयारी चालू असेल, तेथील मंडळींनी चौकट मढविण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे : पुढच्या पावसाळ्यात मध्यरात्री एखादे मूल घामाने भिजलेले आणले गेले, तर त्याच्या तळपायांना हात कोण लावणार?