डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार, म्हणे!

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं कुठलंही खोकं हातात घ्या. नाव दिसतं, फळाचं चित्र दिसतं, ‘चवीला छान’ हेही दिसतं. आता त्याच खोक्यावर मात्रा शोधा. बारकोडच्या शेजारी, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात एक ओळ असते: ‘मात्रा: डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’. बस्स. हे औषध आमच्या मेडिकलच्या काउंटरवरून रात्री साडेनऊला, चिठ्ठीशिवाय, ‘ते गुलाबी द्या हो’ एवढ्या शब्दांवर विकलं जातं. हे कंपनीला ठाऊक असतं, औषध प्रशासनाला ठाऊक असतं आणि मला तर असतंच. ती ओळ पालकांसाठी लिहिलेली नाही. उद्या काही झालं तर कंपनीला बोट दाखवायला जागा असावी, म्हणून ती लिहिलेली आहे.

पॅरासिटामॉलचंच बोलतो, कारण घरोघरी तेच असतं. एकाच नावाखाली त्याच्या निदान तीन बाटल्या विकल्या जातात. साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं. नावापुढे ‘डीएस’ किंवा ‘फोर्ट’ लागलं की तेवढ्याच ५ एमएलमध्ये २५० होतं. तान्ह्या बाळाच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका एमएललाच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे सगळ्यात चिमुकली बाटली सगळ्यात कडक, आणि लोक समजतात नेमकं उलटं! ‘छोट्या बाळाचं आहे ना, मग सौम्यच असणार.’ खोकी एकाच रंगाची, नाव एकाच टायपात, फरक काय तो दोन अक्षरांचा. म्हणून ‘मागच्या वेळी पाच एमएल दिलं होतं’ हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, कुठल्या बाटलीतलं? उत्तर बहुतेक वेळा येत नाही.

त्यात आता परदेशातला तक्ता येतो. अमेरिकेत खोक्यावर वजनाचा तक्ता छापतात आणि शक्यतो वजनावरून मात्रा ठरवा, वजन माहीत नसेल तर वयावरून, असंही स्पष्ट लिहितात. न्यू जर्सीतला मामा त्याचा फोटो काढतो आणि इकडे सांगलीत बहिणीला पाठवतो. मुलगी १२ किलोची. तक्त्यात पाउंड असतात, म्हणून २.२ ने गुणायचं, आले साधारण २६. तक्त्यातली २४ ते ३५ पाउंडांची ओळ सापडली, तिच्यासमोर ५ एमएल. इथवर मामा बरोबर आहे. पण तो तक्ता ५ एमएलला १६० मिलिग्रॅम असलेल्या तिकडच्या बाटलीचा आहे आणि बहिणीच्या फडताळात आहे डीएस. तक्त्याप्रमाणे मुलीला १६० मिलिग्रॅम मिळायला हवं होतं, मिळालं २५०. किलोमागे सुमारे १३ च्या जागी जवळजवळ २१. तिकडच्या खोक्यावर दिवसाला पाच मात्रांपर्यंत मुभा आहे. ती वापरली तर दिवसाचा हिशेब किलोमागे शंभरच्या वर जातो.

खरं गणित चौथीतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास आणि दिवसभरात किलोमागे ६०च्या आत. १२ किलोला १५० मिलिग्रॅम धरू. १२५च्या सिरपमधून ते ६ एमएल होतं, डीएसमधून ३ आणि १०० वाल्या ड्रॉप्समधून फक्त दीड. मूल तेच, ताप तोच, मिलिग्रॅम तेच. एमएल मात्र चौपटीने बदललं. तक्ता एमएलमध्ये छापलेला असला, तरी शेजारी ‘५ एमएलमध्ये किती मिलिग्रॅम’ हे पाहिल्याशिवाय तो वाचलाच जात नाही.

त्या अमेरिकन तक्त्याची एक खुबी मात्र मान्य करतो. २४ पाउंड म्हणजे जवळपास ११ किलो. त्या मुलाला १६० मिलिग्रॅम दिलं तर किलोमागे साडेचौदा पडतं. ओळीच्या दुसऱ्या टोकाला, ३५ पाउंडांना, बरोबर दहा पडतं. ओळ आखणाऱ्याने दोन्ही टोकं १० ते १५च्या कुंपणात बसवली आहेत. म्हणूनच ‘ताप उतरत नाही, वरच्या ओळीचं देऊन बघू’ हा शहाणपणा करायचा नसतो. कुंपण ओलांडलं की तक्ता तुमच्या बाजूला राहत नाही.

आपल्याकडे जिथे तक्ता असतो, तिथेही तो बहुधा वयाचा. ‘१ ते ५ वर्षे: ५ ते १० एमएल’ अशी ऐसपैस ओळ. वर्षाचं बाळ आणि शाळेत जाणारं पोर एकाच दावणीला. नंदुरबार, मेळघाटातल्या अंगणवाड्यांत तीन वर्षांचं दहा किलोचं मूल शोधायला लांब जावं लागत नाही. त्याच्या आईने प्रामाणिकपणे वाचलं, मूल ओळीच्या मधोमध आहे, ताप जास्त आहे म्हणून दहा एमएल दिलं. साध्या १२५च्या सिरपमधूनही २५० मिलिग्रॅम गेलं, किलोमागे २५. चार वेळा दिलं तर शंभर. ब्रिटनमध्येही वयाचेच तक्ते असतात, पण निदान तिथे वयाचे तुकडे बारीक पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला एकच आकडा असतो. आमच्याकडे वजन घटलेलं मूल आणि ओळ धष्टपुष्ट मुलाची! भर म्हणजे नीट न जेवलेल्या मुलाच्या यकृतात या औषधाचं विष निकामी करणाऱ्या ग्लुटाथिओनचा साठाही तोकडा असतो.

आणि मात्रा जास्त झाली की होणारं यकृताचं दुखणं दगा देणारं आहे. पहिल्या दिवशी मूल थोडं ओकतं, मलूल दिसतं किंवा काहीच होत नाही. घरचे म्हणतात, तापानेच झालं असेल. खरी खूण, पोटात उजवीकडे दुखणं, कावीळ, झोपाळूपणा, एक-दोन दिवसांनी दिसू लागते. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या आठ तासांत सर्वात चांगला चालतो. म्हणून जास्त गेलंय असा संशय आला की लक्षणांची वाट न बघता बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर तापाला तक्ता नकोच, डॉक्टर हवेत.

एक चोरवाट राहिली. सर्दीच्या सिरपचं खोकं उलटून घटक वाचा. बऱ्याच वेळा पॅरासिटामॉल तिथेही बसलेलं असतं. ताप म्हणून एक चमचा, नाक वाहतं म्हणून दुसरा, औषध एकच, दोनदा. चमचाही घरचा वापरू नये हे वेगळं सांगतो. बाटलीवर असलेलं खुणांचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. वजन माहीत नसेल तर मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

कंपन्यांच्या माणसांना मी हे बोललो की उत्तर ठरलेलं: खोक्यावर जागा नाही. सात ओळींचा तक्ता आणि मोठ्या अक्षरात ‘५ एमएल = २५० मिलिग्रॅम’ एवढंच मागतोय मी. स्ट्रॉबेरी पुसा, मावेल.